नेदरलँड्समध्ये नवी नोकरी: फॅमिली डॉक्टर मिळत नाही, आणि रात्री तातडीची वेळ आली तर नेमके कुठे जायचे?

कोयनाकाठ | 19 ऑक्टोबर 2025, रात्री 9.40

नमस्कार. मी मूळचा कराडचा असून 1 सप्टेंबरपासून रॉटरडॅममध्ये एका कंपनीत अभियंता म्हणून रुजू झालो आहे. आल्याआल्या नगरपालिकेत पत्त्याची नोंद केली, बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळाला, बँकेचे खाते उघडले. दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. एक म्हणजे इथला आरोग्य विमा, कारण त्यासाठी चार महिन्यांची मुदत असते असे कार्यालयात ऐकले होते. दुसरी म्हणजे फॅमिली डॉक्टर, ज्याला इथे हाऊसआर्ट्स म्हणतात. घराजवळच्या तीन दवाखान्यांनी नवे रुग्ण घेणे बंद असल्याचे सांगितले, आणि मला कधी साधी सर्दीही होत नाही, या भरवशावर मी तो विषय बाजूला ठेवला.

शनिवारी, 11 ऑक्टोबरला, संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखू लागले. आधी पित्त असेल असे वाटले. रात्री अकराच्या सुमारास दुखणे उजवीकडे खाली सरकले, दोन उलट्या झाल्या आणि सरळ उभे राहवेना. आपल्याकडे करतो तेच मी केले. टॅक्सी बोलावली आणि थेट एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आपल्याला कोणत्या डॉक्टरांनी पाठवले?" मी म्हणालो, कोणीच नाही. त्यांनी मला त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खिडकीकडे पाठवले. तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळी माहिती दिली, सुमारे चाळीस मिनिटे वाकून बसलो, मग एका डॉक्टरांनी तपासले आणि पत्र देऊन मला पुन्हा पहिल्याच विभागात परत पाठवले. सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज असल्याचे दिसले आणि रविवारी सकाळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. उपचाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण त्या दोन खिडक्यांच्या मध्ये मी फार घाबरलो होतो, हे खरे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. विमा घेतलेला नसताना झालेल्या या शस्त्रक्रियेचे हजारो युरोंचे बिल मलाच भरावे लागेल का? दवाखाने नोंदणी नाकारत असतील तर डॉक्टर मिळवायचा कसा? आणि पत्नी व चार वर्षांचा मुलगा पुढच्या शनिवारी येत आहेत, तेव्हा रात्री मुलाला काही झाले तर मी पहिला फोन कोणाला करावा?

सह्यकडा | 19 ऑक्टोबर, रात्री 10.15

आधी विश्रांती घ्या आणि बिलाची चिंता सोडा. पहिले चार महिने सरकार सवलत देते. त्या काळात विमा नसला तरी चालते, हप्ताही भरावा लागत नाही आणि उपचारही झाकले जातात. मी स्वतः 2019 मध्ये शेवटच्या आठवड्यात विमा घेतला होता आणि काही अडचण आली नाही. आता घ्याल तेव्हा आयखेन रिसिकोची, म्हणजे उपचारखर्चातल्या स्वतःच्या वाट्याची, स्वेच्छेने वाढवता येणारी रक्कम सर्वात जास्त निवडा, म्हणजे महिन्याचा हप्ता कमी बसेल. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला तेच परवडते.

पुढच्या वेळी मात्र टॅक्सीने जाऊ नका, सरळ 112 ला फोन करा. रुग्णवाहिकेतून आलेल्या माणसाला कोणी दुसऱ्या खिडकीकडे पाठवत नाही.

टेम्सकाठची मेधा | 19 ऑक्टोबर, रात्री 10.50

अहो, पण दवाखाना असा नकार देऊ शकत नाही. जीपीकडे नोंदणी करताना पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची कागदपत्रे नसली, तरी तेवढ्या कारणावरून ते नाही म्हणू शकत नाहीत, हे त्यांना ठणकावून सांगा. रात्री काही झाले तर 111 ला फोन करायचा. तिथले लोक सांगतात की औषधाच्या दुकानात भागेल, तातडीच्या केंद्रात जा, की थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग, म्हणजे ए अँड ई, गाठा. आणि बिल कसले? व्हिसा काढतानाच वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो ना? आमच्या रेडिंगमध्ये माझ्या भावाची हीच शस्त्रक्रिया झाली, त्याला एक पेनी भरावी लागली नाही.

शुभदा_मास | 20 ऑक्टोबर, सकाळी 7.30

मेधाताई, आपण सांगता ते इंग्लंडसाठी बरोबर आहे. पण धागा रॉटरडॅमचा आहे आणि नेदरलँड्समधली व्यवस्था मुळातच वेगळी आहे. इथे 111 सारखा देशभर एकच क्रमांक नाही. प्रत्येक भागातल्या रात्रीच्या डॉक्टर केंद्राचा क्रमांक निराळा असतो, आणि दवाखान्यात जागा भरली असेल तर तो नवा रुग्ण खरोखरच नाकारू शकतो.

मी गेली नऊ वर्षे अशाच एका रात्रीच्या केंद्रात, म्हणजे हाऊसआर्ट्सेनपोस्टमध्ये, फोनवर रुग्णांची निकड ठरवण्याचे काम करते. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

कोयनाकाठ, आपली शस्त्रक्रिया नीट पार पडली याचा आनंद आहे. आधी पैशांचे बोलू, कारण त्याला तारखेचे बंधन आहे. सह्यकडा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. इथे कामाला लागल्यावर चार महिन्यांच्या आत मूळ विमा घेतला, तर तो मागील तारखेपासून, म्हणजे आपल्या बाबतीत 1 सप्टेंबरपासून, लागू होतो. त्यामुळे 11 ऑक्टोबरचा उपचारही त्यात बसतो. परंतु हप्ताही 1 सप्टेंबरपासूनच द्यावा लागतो. चार महिने फुकट मिळत नाहीत, फक्त निवड करायला वेळ मिळतो. महिन्याचा हप्ता साधारण दीडशे ते पावणेदोनशे युरोंच्या मध्ये असतो, त्यामुळे आज पॉलिसी घेतलीत तरी सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे हप्ते एकदम जातील. हीच पॉलिसी आपण जानेवारीत घेतली असती, तर ती घेतल्या दिवसापासूनच सुरू झाली असती आणि शस्त्रक्रियेचा संपूर्ण खर्च आपल्या अंगावर पडला असता. म्हणून हे या आठवड्यातच करा आणि पॉलिसी क्रमांक मिळाला की रुग्णालयाच्या बिल विभागाला कळवा, म्हणजे ते परस्पर विमा कंपनीकडे बिल पाठवतील. कंपनीने दिलेला प्रवास विमा असला तरी तो या सक्तीच्या विम्याची जागा घेत नाही.

आता आयखेन रिसिको. वर्षभरातल्या उपचारांपैकी पहिले 385 युरो प्रत्येक प्रौढाने स्वतः भरायचे असतात. पण वर्षाच्या मध्ये विमा सुरू झाला तर ही रक्कम दिवसांच्या प्रमाणात कमी होते. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर हे 122 दिवस होतात. 385 ला 122 ने गुणून 365 ने भागले की सुमारे 129 युरो येतात. या शस्त्रक्रियेसाठी आपल्या खिशातून जाणारी रक्कम एवढीच असेल, आणि ती रुग्णालय नव्हे, तर विमा कंपनी आपल्याकडून मागेल. ही रक्कम स्वेच्छेने वाढवून घ्या असा जो सल्ला वर दिला आहे, तो या वर्षापुरता तरी अजिबात मानू नका. आपल्याला मोठे बिल येणार हे आधीच माहीत असताना थोड्या स्वस्त हप्त्यासाठी स्वतःचा वाटा वाढवून घेणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे आहे.

पत्नींसाठी त्यांच्या नावाची वेगळी पॉलिसी लागेल. नवऱ्याच्या विम्यात बायको आपोआप येते असे समजून अनेक जण फसतात. मुलाला अठरा वर्षांपर्यंत हप्ता नाही आणि आयखेन रिसिकोही नाही, पण त्याचे नाव आपल्या किंवा आईच्या पॉलिसीत चार महिन्यांच्या आत नोंदवावे लागते.

दवाखाना आणि रात्रीचा फोन यांविषयी संध्याकाळी लिहिते, आता कामावर निघायचे आहे.

सह्यकडा | 20 ऑक्टोबर, सकाळी 8.05

ताई, बरोबर आहे. मी जुने कागद काढून पाहिले, तेव्हा माझ्याकडूनही मागचे चार हप्ते एकदम घेतले होते. ते मी पूर्ण विसरलो होतो. चुकीची माहिती दिल्याबद्दल क्षमस्व.

स्टेथो_पुणे | 20 ऑक्टोबर, दुपारी 1.20

मी पुण्यात छत्तीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करून निवृत्त झालो. माझी मुलगी युट्रेख्टला असते, म्हणून हा धागा वाचतो आहे. धागाकर्त्यांनी जे लिहिले आहे, म्हणजे बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकणे, उलटी, सरळ उभे राहता न येणे, ते अपेंडिक्सचे पाठ्यपुस्तकातले वर्णन आहे. अशा माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवणे मला पटत नाही. दाराशी आलेला रुग्ण आधी तपासावा आणि कागद नंतर पाहावेत, असे आम्हाला शिकवले गेले. फोनवर ऐकून निकड ठरवण्याची पद्धत तर मला अधिकच धोक्याची वाटते. पोटाला हात लावल्याशिवाय पोट कसे कळणार?

शुभदा_मास | 20 ऑक्टोबर, संध्याकाळी 7.45

डॉक्टरसाहेब, आपल्या आक्षेपाकडे येते. आधी धागाकर्त्यांच्या उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे देते.

दवाखाना शोधताना घराच्या पिनकोडपासून सुरुवात करायची असते. डॉक्टर गरज पडल्यास घरी येऊ शकतील एवढ्या अंतरातलेच रुग्ण घेतात, साधारण पंधरा मिनिटांचा हिशेब असतो. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाचा दवाखाना मित्राने कितीही चांगला सांगितला तरी तो बहुधा नाही म्हणेल. आपण तीन ठिकाणी विचारलेत, अजून पाच-सहा ठिकाणी विचारा, आणि फोनपेक्षा सकाळी गर्दी ओसरल्यावर प्रत्यक्ष जाऊन विचारलेले बरे. तरीही जमले नाही तर विमा कंपनीला फोन करून "झोर्खबेमिडलिंग" हा शब्द वापरा. आपल्या ग्राहकाला डॉक्टर मिळवून देण्यासाठी मदत करणे हे त्यांचे कामच आहे. विमा नसेल तर हा रस्ताही बंद असतो, हे विमा लांबणीवर टाकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नोंदणीसाठी बीएसएन, ओळखपत्र आणि पॉलिसी क्रमांक लागतो. घरातल्या प्रत्येकाची नोंदणी स्वतंत्र करायची असते. त्याच दिवशी जवळच्या औषधाच्या दुकानातही नाव नोंदवा.

नोंदणी करताना आपली माहिती इतर डॉक्टरांना पाहू द्यायची का, असे एक संमतीपत्र पुढे येते. बरेच जण ते न वाचताच "नाही" म्हणतात. तसे केले तर रात्री दोन वाजता आमच्या केंद्रातल्या डॉक्टरांना आपली ॲलर्जी किंवा चालू औषधे संगणकावर दिसत नाहीत. निर्णय आपला आहे, पण तो समजून घेऊन करा.

नोंदणी होईपर्यंत दिवसा काही झाले तर जवळच्या दवाखान्याला फोन करून सांगा की मी नोंदणीकृत रुग्ण नाही, पण आजच दाखवण्याची गरज आहे. वाटसरू रुग्ण म्हणून ते तपासतात, बिल आपल्या हातात देतात आणि विमा कंपनी ते परत करते.

आता रात्रीचा प्रश्न. आठवड्याच्या दिवशी सकाळी 8 ते संध्याकाळी 5 आपला हाऊसआर्ट्स. संध्याकाळी 5 नंतर सकाळी 8 पर्यंत, शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी हाऊसआर्ट्सेनपोस्ट, आणि तेही आधी फोन करूनच. जीव धोक्यात असेल तेव्हा, म्हणजे छातीत कळ येऊन घाम फुटला, श्वास लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातातली शक्ती गेली, शुद्ध हरपली, रक्त थांबत नाही, अशा वेळी कोणालाही न विचारता 112. खिडकी चुकवण्यासाठी 112 ला फोन करू नये. तिथेही प्रश्न विचारतात आणि गरज नसेल तर रुग्णवाहिका येत नाही. शिवाय रुग्णवाहिका आणि रुग्णालयाचा तातडीचा विभाग या दोन्हींचा खर्च आयखेन रिसिकोत धरला जातो, तर हाऊसआर्ट्स आणि रात्रीचे केंद्र यांचा धरला जात नाही. कोयनाकाठ, आपण ज्या दुसऱ्या खिडकीवर गेलात ती याच केंद्राची होती. अनेक शहरांत ही दोन्ही एकाच इमारतीत शेजारी असतात, म्हणून नवख्या माणसाला आपल्याला टोलवले जात आहे असे वाटते. घरून आधी फोन केला असता, तर बहुधा आपल्याला वेळ देऊन बोलावले गेले असते आणि तो वेळ अंथरुणावर पडून गेला असता.

डॉक्टरसाहेब, आम्ही फोनवर निदान करत नाही, निकड ठरवतो. जिवावर बेतलेल्या अवस्थेपासून नुसत्या सल्ल्यापर्यंत तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तासाभरात पाहिलेच पाहिजे, काही तासांत पाहावे, उद्या आपल्या डॉक्टरांकडे गेले तरी चालेल, असे आम्ही ठरवतो आणि शंका आली तर जागेवरच्या डॉक्टरांना विचारतो. पोटदुखीच्या रुग्णाला मी विचारते की चालताना किंवा गाडी खड्ड्यातून गेल्यावर कळ वाढते का, सरळ उभे राहता येते का, दुखणे जागा बदलत गेले का. हात न लावताही या उत्तरांतून बरेच कळते. तरीही ही पद्धत एका बाबतीत कमजोर आहे, हे मला मान्य आहे. ज्याला डच येत नाही आणि वेदनेत इंग्रजीही सुचत नाही, त्याची तक्रार फोनवर सौम्य वाटू शकते. त्यात आपली माणसे "थोडेसे दुखते आहे, आपल्याला त्रास देतो आहे" अशी सुरुवात करतात.

गोदातीर | 20 ऑक्टोबर, रात्री 9.10

म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की दुखणे किती आहे असे विचारले की दहापैकी दहा सांगायचे. माझ्या पत्नीला गेल्या वर्षी रात्री कंबरेत असह्य कळा येत होत्या. पहिल्या फोनवर तिने शांतपणे सगळे सांगितले, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळी डॉक्टरांना फोन करा असे उत्तर मिळाले. तासाभराने मी फोन घेतला, आवाज चढवला, तेव्हा बोलावले, आणि मूतखडा निघाला. ताई, आपल्या कामाचा आदर आहे, पण या देशात मोठ्याने बोलल्याशिवाय दार उघडत नाही, असा माझा अनुभव आहे.

शुभदा_मास | 20 ऑक्टोबर, रात्री 9.55

आपल्या पत्नींना तो तास फार कठीण गेला असणार, आणि त्या फोनवर काही तरी निसटले असावे. पण दहापैकी दहा सांगण्याचा सल्ला मी देणार नाही. प्रत्येक जण दहाच सांगू लागला, तर त्या आकड्यावरून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि पुढच्या उत्तरांशी तो जुळला नाही तर संपूर्ण बोलण्यावरचाच विश्वास कमी होतो. आकड्यापेक्षा काय करता येत नाही ते सांगा. "ती एका जागी बसू शकत नाही, येरझारा घालते आहे, दोन गोळ्या घेऊन दीड तास झाला तरी उतार नाही, दोनदा उलटी झाली" या एका वाक्याने मूतखड्याची शंका येते. दुसरी गोष्ट म्हणजे फोन ठेवण्याआधी नेहमी विचारा: "मी कशावर लक्ष ठेवू, आणि किती वेळाने पुन्हा फोन करू?" दुसऱ्यांदा केलेला फोन आम्ही अधिक गांभीर्याने घेतो, कारण पहिल्या सल्ल्याने भागले नाही हे त्यातून कळते.

गोदातीर | 20 ऑक्टोबर, रात्री 10.20

वाक्य लिहून ठेवले आहे. आवाज चढवल्यामुळे बोलावले की दुसऱ्यांदा फोन केल्यामुळे, हे मला आता सांगता येणार नाही. पण मी माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही.

कोयनाकाठ | 2 नोव्हेंबर 2025, रात्री 11.30

सर्वांचे मनापासून आभार. 22 ऑक्टोबरला पॉलिसी घेतली, ती 1 सप्टेंबरपासून लागू झाली आणि रुग्णालयाला क्रमांक कळवला. त्यांच्याकडून आलेले पहिले पत्र पाहून पोटात गोळा आला होता, पण बिल विभागाने ते रद्द समजा, विमा कंपनीकडे नवे पाठवतो, असे लेखी कळवले आहे. विमा कंपनीला डॉक्टर शोधून देण्याची विनंती केली आहे, उत्तराची वाट पाहतो आहे.

आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. पत्नी आणि मुलगा 25 तारखेला कराडहून आले. मुलाला परवापासून ताप आहे, काल रात्री 39.4 होता. काल केंद्राला फोन केला, तर तो पाणी पितो का, लघवी होते का, खेळतो का, श्वास कसा आहे, अंगावर पुरळ आहे का, असे विचारून त्यांनी पॅरासिटामॉल द्या आणि वाट पाहा असे सांगितले. तापाच्या आकड्याचे त्यांना फारसे काही वाटले नाही. पत्नी म्हणते, कराडला असतो तर एव्हाना अँटिबायोटिक सुरू झाले असते. मी फार बेचैन आहे.

शुभदा_मास | 2 नोव्हेंबर, रात्री 11.42

मुलगा आठवड्यापूर्वीच भारतातून आला आहे, हे आपण काल फोनवर सांगितले होते का? सांगितले नसेल तर आत्ता, या क्षणी पुन्हा फोन करा आणि पहिले वाक्य तेच बोला: भारतातून येऊन आठ दिवस झाले, तीन दिवसांपासून ताप आहे. खेळणाऱ्या, पाणी पिणाऱ्या मुलाचा ताप दोन-तीन दिवस पाहणे ही इथली नेहमीची रीत आहे, आणि इथेच राहणाऱ्या मुलासाठी ती योग्यही आहे. पण उष्ण प्रदेशातून आलेल्याचा ताप वेगळ्या रांगेत जातो आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायचे असते. अलीकडे कुठे प्रवास झाला का हे समोरच्याने विचारायला हवे होते, पण आपल्या उच्चारावरून आपण इथेच राहता की कालच उतरलात हे कळत नाही. उत्तर येण्याची वाट पाहत बसू नका, आधी फोन करा.

स्टेथो_पुणे | 3 नोव्हेंबर, सकाळी 6.15

शुभदाताईंशी या बाबतीत पूर्ण सहमत आहे. मलेरिया, डेंगी आणि विषमज्वर हे तीनही मनात धरून रक्त तपासायला हवे. हे मोठ्यांनाही लागू आहे. मलेरियाचा एक प्रकार शरीरात दबून राहून काही महिन्यांनीही डोके वर काढतो, त्यामुळे गणपतीत गावी जाऊन आलेल्याला दिवाळीनंतर थंडी वाजून ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख करावा. अँटिबायोटिकबद्दल मात्र पत्नींना सांगा की तपासणीआधी ते सुरू न झाले हे बरेच झाले. विषमज्वराचा जंतू रक्तात शोधायचा असेल तर आधी दिलेल्या गोळ्या तो शोध अवघड करतात. आपल्याकडे आम्ही फार लवकर लिहून देतो, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल खेदाने म्हणतो.

कोयनाकाठ | 3 नोव्हेंबर, दुपारी 4.50

रात्री बारा वाजता फोन केला. भारतातून आलो हे वाक्य उच्चारताच समोरच्या बाईंचा स्वर बदलला आणि एका तासात या असे सांगितले. पहिल्या फोनवर मी ते खरोखरच सांगितले नव्हते. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवले, पहाटे रक्त घेतले. मलेरिया नाही. डेंगीची तपासणी पहिल्या प्रयत्नात नकारार्थी आहे, विषमज्वराच्या तपासणीचा निकाल यायला काही दिवस लागतील. आज दुपारी ताप 38.1 आहे आणि त्याने भात खाल्ला. त्यांनी पुन्हा कधी यायचे ते कागदावर लिहून दिले: पाणी पिणे थांबले, झोपेतून नीट जागा झाला नाही, किंवा पुरळ आले तर ताबडतोब.

प्रवरा_सून | 3 नोव्हेंबर, सायंकाळी 6.30

मुलगा बरा होवो. याच धाग्यात विचारते. माझ्या सासूबाई पर्यटक व्हिसावर तीन महिन्यांसाठी आइंडहोवनला येणार आहेत, त्यांना रक्तदाब आहे. त्यांना माझ्या पॉलिसीत घेता येईल का, आणि आमच्या हाऊसआर्ट्सकडे त्यांची नोंदणी होईल का?

शुभदा_मास | 3 नोव्हेंबर, रात्री 8.10

प्रवराताई, दोन्ही नाही. इथला मूळ विमा इथे राहणाऱ्यांसाठी किंवा काम करणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांना तो घेता येत नाही. त्यांचा प्रवास विमा भारतातूनच घ्या आणि आधीपासून असलेल्या रक्तदाबामुळे उद्भवणारे आजार त्यात धरले आहेत का, ते पॉलिसीच्या मजकुरात वाचून खात्री करा, एजंटच्या शब्दावर राहू नका. रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत आणायला सांगा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, कारण आपल्याकडच्या कंपन्यांनी ठेवलेली नावे इथे कोणाला कळत नाहीत. आपले हाऊसआर्ट्स त्यांना वाटसरू रुग्ण म्हणून तपासू शकतात, आणि बऱ्याचदा घरातल्यांचे डॉक्टर तसे करतातही. रात्रीचे केंद्र आणि 112 सर्वांसाठीच खुले आहे, मात्र बिल आधी आपल्याला भरून मग प्रवास विम्याकडून मागावे लागण्याची तयारी ठेवा.

कोयनाकाठ, विषमज्वराचा निकाल आला की कळवा. आणि विमा कंपनीने डॉक्टर शोधून दिला का, तेही लिहा. रॉटरडॅममध्ये याला किती दिवस लागतात हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना जाणून घ्यायचे असेल.

कोयनाकाठ | 12 नोव्हेंबर 2025, रात्री 9.05

निकाल आला, विषमज्वर नाही. ताप 5 तारखेपासून पूर्ण उतरला आहे, तो विषाणूजन्य असावा असे डॉक्टर म्हणाले. विमा कंपनीने 10 तारखेला दोन दवाखान्यांची नावे पाठवली, त्यातल्या एकाने आम्हा तिघांची नोंदणी मान्य केली आहे आणि ओळखीच्या भेटीसाठी पुढच्या गुरुवारी बोलावले आहे. संमतीपत्रावर आम्ही "हो" लिहिले. डॉक्टरसाहेबांचा फोनवरच्या निकडीबद्दलचा प्रश्न माझ्या मनात अजून आहे, कारण पहिल्या रात्री त्या एका प्रश्नावाचून आमच्या मुलाची तपासणी चोवीस तास पुढे गेली. गुरुवारी नव्या डॉक्टरांना मी तो विचारणार आहे.